एका दमाची गोष्ट

माझ्या गोष्टीत संत्रं येऊ शकत नाही. नागपुरात बसून, धंतोलीच्या गल्लीत घडणारी गोष्ट लिहायची आणि संत्रं नाही! पण ‘ऑरेंज’मध्ये दोन सिलेबल आहेत आणि अट एकाच सिलेबलची. याच अटीनं ‘वॉटर’ गेलं, ‘मदर’ गेली आणि मे महिन्यात ज्याच्याशिवाय इथं कुणी जगत नाही तो ‘कूलर’ही गेला. ‘फॅन’ तेवढा राहिला.

माझी भाची मराठी शाळेत दुसरीत आहे. तिच्यासाठी मी एकेका सिलेबलच्याच शब्दांची इंग्रजी गोष्ट लिहायला घेतली. मोजायची युक्ती सोपी आहे. हनुवटीखाली तळहात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते, साधारण तितकी सिलेबल. कागदावरची अक्षरं मोजून चालत नाही. ‘कप’ लिहिताना आपल्याकडे दोन अक्षरं होतात, हनुवटी मात्र एकदाच हलते.

हा खेळ जुना आहे. लूसी एकिन या इंग्रज लेखिकेची ‘रॉबिन्सन क्रूसो’ची अशी आवृत्ती मेरी गोडॉल्फिन या टोपणनावानं १८६०च्या दशकात निघाली. ‘रॉबिन्सन’ला तीन सिलेबल आणि ‘क्रूसो’ला दोन, म्हणजे मुखपृष्ठावरच नियम मोडलेला. डॉक्टर स्यूस यांचं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ १९६० सालचं. त्यात अवघे ५० वेगवेगळे शब्द आहेत आणि ‘एनीव्हेअर’ सोडला तर बाकीचे ४९ एका सिलेबलचे.

लिहायला बसलं की नामांपेक्षा क्रियापदं जास्त छळतात. ‘आयएनजी’ लागलं की एक सिलेबल वाढलंच, त्यामुळे ‘गोइंग’, ‘ईटिंग’ बाद. आपली मुलं ज्या चालू वर्तमानकाळावर सगळं इंग्रजी रेटतात, तोच हातातून जातो. भूतकाळाची गंमत वेगळी. ‘वॉक्ड’ चालतं, ‘जम्प्ड’ चालतं, पण ‘वाँटेड’ नाही. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असला की ‘ईडी’ला स्वतःचा स्वर मिळतो आणि हनुवटी आणखी एकदा खाली येते.

चाळणीतून उरलेली गोष्ट अशी सुरू झाली: ‘इट इज मे. द सन इज हॉट. ओम हॅज अ कप ऑफ मिल्क. अ कॅट सिट्स बाय द गेट. द कॅट इज थिन. ओम पुट्स द कप डाउन.’ नायकाचं नाव ओम ठेवलं. नील किंवा देवही चालला असता. मीना, राधा, गणेश या सगळ्यांना प्रवेश बंद.

भाचीनं हे धडाधड वाचलं. पुढे मी ‘द कॅट गेव्ह अप’ असं लिहिलं होतं. तिनं विचारलं, “मामा, मांजरीनं वर काय दिलं?”

खरी मेख इथं आहे. इंग्रजीतले हे बारके शब्द एकेकटे सोपे दिसतात, पण जोडीनं आले की अर्थ बदलून बसतात. गेव्ह अप, पुट ऑफ, टर्न इन. इंग्रज मुलाच्या कानावरून ते घरात दिवसभर जात असतात, म्हणून एका सिलेबलचं पुस्तक त्याच्यासाठी खरंच सोपं असतं. आमच्या घरात उलटं आहे. धंतोलीत पावलोपावली दवाखाने. हॉस्पिटल, डॉक्टर, पार्किंग, मेडिकल हे शब्द मुलीला शाळेत जायच्या आधीपासून येतात. लांबलचक इंग्रजी तिच्या ओळखीचं आणि आखूड परकं.

स्पेलिंगचं दुखणं वेगळंच. मराठीत सुरुवातीच्या वाचनाला आपण बिनकानामात्रेचे शब्द देतो. ‘बदक’, ‘कमळ’ म्हणताना तोंड दोनदा उघडतं, पण डोळ्याला चिन्हांचा जाच नसतो. सिलेबलची चाळणी तोंडाचे श्रम वाचवते, डोळ्याचे नाही. ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘दो’ तिन्ही एका दमाचे, तिन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एच, आणि तीन उच्चार! उलट ‘बनाना’ला तीन सिलेबल असूनही मूल ते सरळ वाचतं. म्हणून मी दुसरी चाळणी लावली: जसं दिसतं तसं वाचता येणारे शब्द आधी. ‘सेड’ आणि ‘वॉज’ त्या चाळणीत अडकतात, पण त्यांच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आधीच ओळखीचे करून दिले. ‘गेव्ह अप’च्या जागी ‘द कॅट रॅन’ लिहिलं.

भाचीला मात्र मांजर अशी पळून गेलेली चालेना. मांजरीच्या पायाला लागलं पाहिजे आणि ओमनं तिला डॉक्टरकडे नेलं पाहिजे, असा हुकूम सुटला. मी म्हटलं, “डॉक्टर जमत नाही, दोन सिलेबल होतात.” बराच शोध घेऊन ‘व्हेट’ सापडला. तिनं तो चटकन वाचला, अगदी बिनचूक.

“मामा, व्हेट म्हणजे?”

“जनावरांचा डॉक्टर.”

“मग डॉक्टरच लिही ना!”