मागील पानावरून

आमचं किराणा दुकान औरंगपुऱ्यात आहे. स.भु. महाविद्यालयाच्या आसपास बाहेरगावच्या मुलांच्या खोल्या आणि खानावळी पुष्कळ, त्यामुळे गल्ल्यातल्या रोखीपेक्षा अण्णांच्या लाल वहीतली उधारी नेहमीच जास्त असायची. दर दिवाळीला पाडव्याला नवी वही सुरू होते. त्याआधी जुन्या वहीतल्या प्रत्येक खात्याची बाकी काढायची आणि नवीत उतरवायची. ऐंशीच्या वर खाती. अण्णा हे काम रात्री शटर ओढून करायचे. आधी वरून खाली बेरीज, मग तीच खालून वर, आणि दोन्ही जुळल्या तरच पेन्सिलीचा आकडा शाईने पक्का.

२०२३ च्या दिवाळीआधी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुम्ही राहू द्या, मी मशीनवर करतो." तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पायथॉन नुकतंच शिकलो होतो. चार रात्री बसून खाती टाइप केली, प्रत्येक खात्याची वेगळी फाइल. आकडे वहीत होते तसेच मराठीत टाइप केले, कारण पायथॉनचं `int` देवनागरी अंकही वाचतं. `int("१२५०")` दिलं की सरळ 1250 मिळतात. ते पाहून मला एवढा आनंद झाला की पुढचा विचारच केला नाही. स्क्रिप्ट एवढीच होती:

```python
baki = 0
for line in open("khate.csv", encoding="utf-8"):
    p = line.strip().split(",")
    if p[1] == "नावे":
        baki += int(p[2])
    else:
        baki -= int(p[2])
print(baki)
```

माल उधार नेला की नावे, पैसे आले की जमा. नावे मिळवायचं, जमा वजा करायचं. आठ ओळींत चूक ती काय असणार, असं मला वाटलं होतं.

काय काय चुकलं हे एकाच खात्यावरून सांगता येईल. एक मावशी छोटी खानावळ चालवतात. रोजचा माल रोखीने नेतात, अडलं तेवढंच उधार. त्यांचं खातं जुलैत उघडलं होतं आणि वहीत दोन पानांवर होतं. मी टाइप केलं ते असं:

```
२२/०७,नावे,६४०
०३/०८,नावे,१,२५०
१४/०८,नावे,८७५
१९/०८,जमा,५००
०२/०९,नावे,२,१४०
०२/०९,नावे,४,४०५
११/०९,नावे,९६०
०७/१०,जमा,१,०००
२३/१०,नावे,७५३
```

स्क्रिप्टने बाकी दाखवली २,७३४. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पण दुसऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची बाकी आली सात रुपये, तेव्हा मी चपापलो. कारण लगेच सापडलं. अण्णा हजाराच्या पुढे स्वल्पविराम देतात, आणि मी ओळ तोडायलाही स्वल्पविरामच वापरला होता. त्यामुळे `१,२५०` चे दोन तुकडे झाले आणि स्क्रिप्टने पहिला तुकडा उचलला: एक रुपया. `२,१४०` चे दोनच रुपये धरले. यातलं वाईट हे की कुठलीही तक्रार आली नाही. `int("१")` हा अगदी वैध आकडा आहे. स्क्रिप्ट थांबली असती तर मी शोधलं असतं. ती न थांबता चुकीचं उत्तर देत राहिली, तेही नेमकं मोठ्या रकमांबाबत.

मी `split(",", 2)` केलं, म्हणजे फक्त पहिल्या दोन स्वल्पविरामांवर ओळ तुटेल, आणि रकमेतले स्वल्पविराम `replace` ने काढले. मावशींची बाकी आली ९,५२३. आता सगळं ठीक झालं असं मी ठरवून टाकलं. एक चूक सापडली म्हणजे चूक संपली, हा माझा त्या रात्रीचा समज. मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. अण्णांना एक आकडाही न दाखवता, वहीतल्या एकाही बाकीशी न ताडता, ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बाकी कळवून टाकली. 'दिवाळीपूर्वी हिशोब मिटवावा ही विनंती.'

सकाळी दुकान उघडायच्या आत मावशी दारात उभ्या होत्या, हातात त्यांची छोटी डायरी. माझ्याकडे पाहिलंही नाही. अण्णांना म्हणाल्या, "भाऊ, माझ्याकडे पाच हजार शंभर लिहिलेत. तुमच्या पोराने साडेनऊ हजार मागितले. मी कधी तुमचा रुपया बुडवलाय का?"

अण्णांनी वही काढली, खालून वर बेरीज केली. पाच हजार शंभर. त्यांनी मावशींना चहा मागवला आणि हात जोडले. मला त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत.

त्या गेल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. "फरक किती?"

"चार हजार चारशे तेवीस."

"वहीत हा आकडा कुठे आहे का?"

नव्हता.

"निम्मा?" दोन हजार दोनशे साडेअकरा. तोही नव्हता. "नवाने भागतो?" मी भागून पाहिलं, नाही भागत. ते म्हणाले, "म्हणजे दोन चुका मिसळल्यात. एक असती तर तिने तोंड दाखवलं असतं. पान-पान कर."

मी फाइलमधल्या पहिल्या पाच ओळी, म्हणजे वहीचं पहिलं पान, तेवढंच चालवलं. ४,४०५. पानाच्या तळाशी अण्णांची बेरीजही ४,४०५ आणि पुढे 'पुढे चालू'. पहिलं पान निर्दोष. मग त्यांनी पान उलटलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं: 'मागील पानावरून, नावे ४,४०५.'

ती ओळ मी इतर ओळींसारखीच टाइप केली होती. पहिल्या पानाच्या सगळ्या रकमा स्क्रिप्टने मिळवल्या होत्याच, वर त्यांची बेरीजही उधारी म्हणून पुन्हा मिळवली होती. ज्याचं खातं एका पानात संपत होतं त्याची बाकी या कारणाने चुकली नव्हती. ज्यांची खाती लांब, म्हणजे जी माणसं आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात, त्यांच्याकडेच मी फुगलेली रक्कम मागितली होती. तीन पानांचं खातं असेल तर पहिल्या पानाची रक्कम तीनदा धरली जात होती.

ओळ काढली. बाकी आली ५,११८. अण्णांचे ५,१००. अठराचा फरक. मी म्हणालो, अठराच तर आहेत. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अठरा नवाने भागतात."

हा भाग मी कुठल्याच वर्गात शिकलो नव्हतो. शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर पडणारा फरक नेहमी नवाने भागला जातो. ३५ चे ५३ झाले तर फरक अठरा. दशक आणि एककाची अदलाबदल झाली असेल तर फरकाला नवाने भागून जे येतं तेवढंच त्या दोन अंकांमधलं अंतर. इथे अठरा भागिले नऊ, म्हणजे दोन. तेव्हा ज्या रकमेच्या शेवटच्या दोन अंकांत दोनचं अंतर आहे तेवढ्याच पाहायच्या. वहीत अशा दोनच होत्या, ८७५ आणि ७३५. ८७५ चे ८५७ झाले असते तर बाकी कमी आली असती. आपली जास्त आहे. म्हणून ७३५. फाइलमध्ये पाहिलं तर मी ७५३ टाइप केलं होतं. अण्णांनी संगणकाकडे न पाहता माझी टाइप केलेली ओळ सांगितली होती.

निम्म्या फरकाचा प्रश्न का विचारतात, ते दुपारी दुसऱ्या एका खात्यात कळलं. तिथे फरक होता ७२०, आणि वहीत ३६० ची एक नावे होती. टाइप करताना 'नावे' नंतर एक रिकामी जागा पडली होती. स्क्रिप्टला `"नावे "` आणि `"नावे"` हे वेगळे शब्द वाटले, आणि माझ्या `else` मुळे जे नावे नाही ते सगळं जमा झालं. मिळवायचे ते वजा झाले की फरक दुप्पट पडतो.

संध्याकाळपर्यंत मी आणि अण्णांनी सगळी खाती ताडली. ज्यांना चुकीचा आकडा गेला होता त्या प्रत्येकाला अण्णांनी स्वतः फोन केला, मला करू दिला नाही. बहुतेकांनी हसून सोडलं. पण शहागंजाकडे शिवणकाम करणारे एक चाचा आहेत, त्यांचा मुलगा सकाळीच येऊन ३,३१० रुपये भरून गेला होता. खरी बाकी १,८६०. पहिल्या पानाचे १,४५० जास्त. चाचांनी काही विचारलंच नव्हतं. आमच्या दुकानातून आकडा आला म्हणजे तो बरोबरच असणार, असं धरून त्यांनी दिले होते. अण्णांनी मला मोटारसायकल काढायला लावली. चाचांच्या दारात त्यांनी पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तू दे." चाचा पैसे घ्यायलाही तयार नव्हते, पुढच्या सामानात धरा म्हणत होते. मी पूर्ण हिशोब वाचून दाखवला, कुठे चुकलो ते सांगितलं. मावशींनी आकडा तपासला म्हणून त्या वाचल्या. ज्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवला, पैसे त्याचेच गेले होते.

त्या रात्री स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ओळीतले रकाने आता टॅबने वेगळे केले. 'मागील पानावरून' ही ओळ फाइलमध्ये ठेवली, पण तिला 'मागून' असा वेगळा प्रकार दिला:

```python
pr, r = pr.strip(), int(r.replace(",", ""))
if pr == "नावे":
    baki += r
elif pr == "जमा":
    baki -= r
elif pr == "मागून":
    if baki != r:
        raise ValueError((tarikh, baki, r))
else:
    raise ValueError((tarikh, pr))
```

'मागून' आली की स्क्रिप्ट काही मिळवत नाही. तोवरची आपली बाकी आणि अण्णांनी लिहिलेली बाकी जुळते का एवढंच पाहते, आणि नाही जुळली तर तारीख सांगून तिथेच थांबते. अण्णा ती ओळ त्यासाठीच तर लिहीत होते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांनी ताळा ठेवलेला होता, आणि मी तो उधारी समजून बेरजेत ढकलला होता. नवी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली तेव्हा अकरा ठिकाणी थांबली. त्यातल्या दहा चुका माझ्या टाइपिंगच्या होत्या. एक अण्णांची होती, पान उलटताना साठ रुपये गिऱ्हाइकाच्या बाजूने सुटले होते. त्यांनी ती पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली, आणि लाल शाईने दुरुस्त केली.

या स्क्रिप्टला दिसत नाही असंही खूप आहे. शेवटच्या पानावर नंतर ताळ्याची ओळ नसते, त्यामुळे तिथलं ७५३ आजही निसटेल. म्हणून शेवटच्या पानाची बेरीज अण्णा हाताने करतात आणि मी ती फाइलच्या तळाशी आणखी एक 'मागून' म्हणून टाकतो. आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या पानावर लिहिली गेली तर दोन्ही पानांची बेरीज बिनचूक जुळते. ते फक्त अण्णांनाच कळतं, कारण त्यांना माहीत असतं की हा माणूस साबुदाणा कधी नेत नाही.

पाडव्याला सकाळी नवी वही उघडली. हळदी-कुंकू वाहिल्यावर अण्णांनी मावशींचं पान काढलं, जुन्या वहीतून पेन्सिलीने बाकी उतरवली, आणि पेन उघडायच्या आधी मला विचारलं, "तुझे किती?"

"पाच हजार शंभर."

मग त्यांनी शाईने लिहिलं.