आईंचा रिफंड आणि पासबुकावरचं नाव



मागच्या वेळी लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहिलं होतं, आज कागदांबद्दल लिहिते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आयकराचा परतावा, म्हणजे रिफंड, अडकला की आपण दोनच वाक्यं बोलतो: "येईल की" नाहीतर "सरकारी काम आहे". दोन्ही वाक्यांनी पैसे येत नाहीत. ते कुठल्या पायरीवर थांबलेत ते बघावं लागतं, कारण प्रत्येक पायरीचा उपाय वेगळा आहे. आमच्या सासूबाईंच्या बाबतीत जे झालं ते तपशिलानं सांगते.

एप्रिल 2023 मध्ये मामंजी गेले. त्यांच्या ठेवी आईंच्या नावावर झाल्या. 15H नावाचा फॉर्म तेव्हा असायचा, ज्येष्ठ नागरिकानं 'मला कर लागत नाही, तेव्हा व्याजातून कापू नका' असं बँकेला सांगण्याचा. त्या दुःखात त्याची आठवण कुणाला येणार? वर्षभराचं व्याज झालं 2,46,000 रुपये, आणि बँकेनं नियमाप्रमाणे दहा टक्के, म्हणजे 24,600 रुपये कापून आईंच्या पॅनवर जमा केले. आईंना दुसरं उत्पन्न नाही. त्या वर्षी तीन लाखांच्या आत कर शून्य होता. म्हणजे सगळेच्या सगळे 24,600 परत मिळायचे होते.

आईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. "माझ्या पैशानं करीन, मुलाकडं मागणार नाही," असं त्यांनी ठरवलेलं. मामंजी असताना त्यांनी कधी स्वतःहून बँकेची पायरी चढली नव्हती, त्यामुळे हा हट्ट मला फार समजला.

कर सल्लागारांनी 20 जुलै 2024 ला विवरणपत्र भरलं, त्याच दिवशी आधारच्या ओटीपीनं त्याची खातरजमाही झाली. (ही खातरजमा 30 दिवसांत करावीच लागते, नाहीतर विवरणपत्र वेळेत भरलेलं धरत नाहीत.) पर्युषण झालं, दसरा झाला, दिवाळीला निर्वाण लाडू चढवून झाला, तरी खात्यात काही नाही. आई रोज पासबुक काढायच्या आणि काही न बोलता ठेवून द्यायच्या. शेवटी मीच म्हटलं, चला, आपणच उघडून बघू.

incometax.gov.in वर लॉगिन करायला आपला पॅन हाच युजर आयडी असतो. पासवर्ड सल्लागारांकडे होता, पण Forgot Password मध्ये आधार ओटीपीचा पर्याय आहे आणि आईंच्या आधारला त्यांचाच मोबाइल जोडलेला, त्यामुळे पाच मिनिटांत नवा पासवर्ड झाला. आत e-File, मग Income Tax Returns, मग View Filed Returns. तिथं एकेका वर्षाची पट्टी दिसते. इथं एक गोंधळ होतो. एप्रिल 2023 ते मार्च 2024 या कमाईचं आकारणी वर्ष 2024-25 असतं. पट्टीवर हे आकारणी वर्ष लिहिलेलं असतं, म्हणून 2023-24 ची पट्टी उघडली तर त्याआधीच्या वर्षाची कमाई दिसते.

त्या पट्टीवर विवरणपत्राचा प्रवास दाखवलेला असतो: भरलं, खातरजमा झाली, प्रक्रिया झाली, रिफंड. रिफंड न येण्याची तीन वेगळी कारणं इथंच ओळखता येतात. प्रक्रियाच झालेली नसेल तर थांबण्याखेरीज फारसं काही नाही. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत त्यांना कायद्यानं आहे. प्रक्रिया झाली पण जुन्या कुठल्या तरी वर्षाची बाकी दाखवून त्यात रिफंड वळता करायचा असेल, तर आधी तशी नोटीस येते आणि तिला उत्तर द्यावं लागतं. तिसरं कारण म्हणजे प्रक्रिया झाली, रक्कमही ठरली, आणि पैसे खात्यात शिरले नाहीत. आमचं हे तिसरं होतं. तारीख दिसली 9 सप्टेंबर, आणि खाली रिफंड अयशस्वी. दोन महिने झाले होते. पोर्टलवर ईमेल सल्लागारांचा आणि मोबाइल धाकट्या दिरांचा नोंदलेला, ते पुण्यात. निरोप गेला असेल तर तिकडंच. माझं मत विचाराल तर घरातल्या बाईच्या नावानं विवरणपत्र भरलं जात असेल तर तिथं तिचाच मोबाइल असावा. सल्लागार कितीही चांगले असोत.

त्याच पट्टीवरून Download Intimation Order नं कलम 143(1) चं सूचनापत्र उतरवलं. ही पीडीएफ पासवर्ड मागते. तो म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. समजा पॅन ABCDE1234F आणि तारीख 1 जून 1952 असेल तर

```
abcde1234f01061952
```

तारीख पॅन कार्डावरची घ्यायची. आपल्या आज्या-सासूबाईंच्या खऱ्या तारखा आणि कार्डावरच्या तारखा यांचं फारसं जुळत नाही, म्हणून सांगते.

सूचनापत्र बरंच लांब असतं, पण बघायचे दोन रकाने. एकात आपण भरलेले आकडे, दुसऱ्यात त्यांनी काढलेले. दोन्ही सारखे असतील तर हिशेबावर वाद नाही. आईंचे सारखे होते. कापलेला कर 24,600, देय कर शून्य. आणि खाली कलम 244A चं व्याज: महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून. 24,600 चा अर्धा टक्का 123, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, म्हणून 738. एकूण 25,338, आणि जवळच्या दहात करून 25,340 रुपये. आई म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी द्यायचं कबूल केलंय?" केलं होतं. पैसे दारात उभे होते आणि दार उघडत नव्हतं.

दार म्हणजे बँक खातं. My Profile मध्ये My Bank Account आहे. रिफंड फक्त तिथं पडताळलेल्या खात्यातच येतो. आईंचं खातं विवरणपत्र भरताना जोडलं होतं, तेव्हा पडताळणी चालू आहे असं दिसत होतं. नंतर तो निकाल कुणी पाहिला नव्हता. आता ते खातं Failed Bank Accounts या कप्प्यात पडलेलं होतं आणि कारण लिहिलं होतं की नाव जुळत नाही.

पडताळणीत पोर्टल आपल्या बँकेला विचारतं: हा खाते क्रमांक आहे का, चालू आहे का, त्याला हा पॅन जोडलेला आहे का, आणि नाव पॅनवरच्यासारखं आहे का. आईंच्या पॅनवर पूर्ण नाव आहे: स्वतःचं, मामंजींचं, आडनाव. बँकेतलं खातं मात्र चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यात आधी आडनाव, मग दोन आद्याक्षरं, आणि पुढं 'सौ.' सुद्धा. माणसाला ते एकच नाव वाटतं, संगणकाला नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पासबुकावर अजून माहेरचं नाव आहे, तिथंही हेच होणार. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदललेला असेल तरीही खातं असंच अडतं. पासबुक आणि पॅन कार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा, कळेल.

दुसऱ्या दिवशी आईंना घेऊन बँकेत गेले. नावदुरुस्तीचा अर्ज, पॅन आणि आधारच्या सह्या केलेल्या प्रती, फोटो. खात्याला पॅन जोडलेला आहे का तेही तिथंच बघून घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, 'सौ.' काढायचं ना?" आई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "काढ बाळा." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आठवड्यानं नाव बदललं. मग पोर्टलवर Re-Validate दाबलं. लगेच निकाल येत नाही, दहा-बारा कामाचे दिवसही लागू शकतात. आम्हाला चौथ्या दिवशी Validated दिसलं. त्या खात्यासमोर रिफंडसाठी निवडायचं एक बटण असतं, ते चालू केलं.

आणि इथंच बहुतेक जणी थांबतात. खातं पडताळलं म्हणजे पैसे आपोआप येतील असं वाटतं. एकदा अयशस्वी झालेला रिफंड परत पाठवा अशी विनंती आपल्याला वेगळी करावी लागते. Services मध्ये Refund Reissue, तिथं आकारणी वर्ष 2024-25 निवडलं, पडताळलेलं खातं निवडलं, आणि आधार ओटीपीनं सही केली. हे 28 नोव्हेंबरला झालं. ओटीपी आईंनी स्वतः वाचून सांगितला, एकेक अंक, चष्म्याशिवाय, फोन अगदी डोळ्याजवळ नेऊन.

यात एक अडथळा आम्हाला नव्हता पण तुमच्याकडे असू शकतो. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय होतो आणि तोवर रिफंड मिळत नाही, त्या काळाचं व्याजही नाही. जोडायला हजार रुपये भरावे लागतात. ऐंशी पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे.

मधल्या दिवसांत आईंच्या फोनवर एक संदेश आला, 'तुमचा रिफंड मंजूर, खाते तपासण्यासाठी इथे दाबा'. आई खूश. मी तो पुसून टाकला. खात्याचं काहीही तपासायचं तर आपण पत्ता टाइप करून पोर्टलवरच जायचं, संदेशातल्या दुव्यावरून नाही. शंका असेल तर मदतीचा क्रमांक 1800 103 0025 आहे.

डिसेंबरच्या मध्याला 25,340 रुपये जमा झाले. आईंनी पासबुक भरून आणलं, रिक्षानं, एकट्या. जानेवारीत डोळा झाला.

आता राहिलं ते 738 रुपयांचं व्याज. ते पुढच्या विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवायचं, कर लागत नसला तरी. आणि 15H मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच भरून घेतला. ठेवी दोन बँकांत आहेत, म्हणून दोन्हीकडे वेगवेगळा, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत आईंच्या पेटीत, मामंजींच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे.