रोज्यातला भात आणि मोबाईलमधला फोटो

गेल्या रमजानमधली गोष्ट. असरची नमाज नुकतीच झाली होती. आमची भाची लग्न होऊन सासरी गेली, त्यानंतरचा तिचा हा पहिलाच रमजान. त्या दिवशी तिच्याकडे सासरच्या पंधरा माणसांची इफ्तारी होती आणि बिर्याणीची जबाबदारी तिने स्वतःहून अंगावर घेतली होती. सव्वापाचला तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "खाला, भात बघा ना. जास्त झाला का?"

एरवी आम्ही सांगितलं असतं, एक दाणा दाताखाली धरून बघ. पण रोजा असताना चावून बघणार कसं? आणि आम्ही तर तिच्यापासून दोनशे किलोमीटर लांब. म्हणून अम्मी, वहिनी आणि आम्ही मोबाईलभोवती जमलो.

फोटोत स्टीलचं पातेलं होतं, वर ट्यूबलाईट होती, शिवाय मोबाईलचा फ्लॅश. भात पांढराशुभ्र चमकत होता. "चिकट झालाय, चमक बघा," असं वहिनी म्हणाली. अम्मीने मान हलवली. "ही चमक भाताची नाही, फ्लॅशची आहे. यातून काहीच कळत नाही."

अम्मीचं खरं होतं. ओल्या दाण्यावर थेट प्रकाश पडला की मोकळा भातही चिकट दिसतो. वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकट झाली की दाण्यांच्या कडा पुसट होतात आणि चांगला भातही गिचका वाटतो. त्यात पातेल्याचा फोटो म्हणजे फक्त वरच्या थराचा. खाली काय चाललंय ते त्यात येत नाही.

आम्ही तिला कळवलं, "फ्लॅश बंद कर. गडद रंगाची बशी घे आणि खिडकीजवळ ठेव. पातेल्यात वरून, मधून आणि अगदी तळातून तीन-तीन दाणे काढून वेगवेगळे मांड. प्रत्येक ठिकाणचा एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाब. शेजारी भिजवलेला एक कच्चा दाणा ठेव." कच्चा दाणा अशासाठी की बासमती शिजताना जाड होण्यापेक्षा लांब जास्त होतो. तो किती लांबला, हे शेजारी माप असलं तरच फोटोत कळतं.

दुसऱ्या फोटोने मात्र सगळं सांगितलं. वरचा दाणा दाबल्यावर तीन तुकडे झाले होते आणि तुकड्याच्या मधोमध खडूसारखा एक पांढरा ठिपका दिसत होता. आपल्या घरांत यालाच एक कणी राहिली म्हणतात. शिजलेला भाग जरा पारदर्शक होतो, कच्चा गाभा मात्र खडूसारखा पांढरा राहतो, त्यामुळे गडद बशीवर तो उठून दिसतो. मधला दाणा दाबला गेला होता, पण त्यात ठिपका नव्हता. म्हणजे तो पूर्ण शिजला होता. तळाचा दाणा बोटात चपटा होऊन बशीला चिकटला होता, त्याची टोकं फुटून फुलली होती. एकाच पातेल्यात तीन तऱ्हेचा भात!

असं का झालं? आम्ही विचारलं, भात उपसल्यावर काय केलंस? ती म्हणाली, खोल चाळणीत काढला, गार होऊ नये म्हणून वर झाकण ठेवलं आणि नमाज झाल्यावर पातेल्यात घातला. चूक इथेच होती. पाणी उपसलं म्हणून भात शिजायचा थांबत नाही. दीड किलो तांदळाचा गरम ढीग झाकून ठेवला की आतल्या वाफेवर तो शिजतच राहतो आणि तळाचा थर वरच्या वजनाने दबून गिचका होतो. दम द्यायच्या भातात एक कणी असतानाच पाणी उपसायचं आणि तो लगेच पसरायचा.

फोटोत आणखी एक गोष्ट आम्ही शोधली, पण ती इथे नव्हती. कधीकधी दाण्याची टोकं फुटलेली असतात आणि मधोमध पांढरी रेघही असते. म्हणजे बाहेरून जास्त, आतून कच्चा. तांदूळ न भिजवता धडधडत्या आचेवर उकळला की असं होतं. त्याला नंतर इलाज नाही. पुढच्या वेळी अर्धा तास भिजवणं, एवढंच.

आता सुधारायचं कसं? आम्ही आधी विचारलं, "गोश्त कच्चं लावणार की शिजलेलं?" कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीला दम लांब लागतो. हा भात त्यात घातला असता तर वर लापशी झाली असती. मग दुसरा भात रांधण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सुदैवाने तिचं मटण पूर्ण शिजलेलं होतं.

मग आम्ही सांगत गेलो तसं ती करत गेली. भात दोन परातींमध्ये बोटभर जाडीचा पसरून पंखा लावला. चमच्याने ढवळायचं नाही, ढवळलं की मऊ दाणे मोडतात आणि त्यांची पेज बाकीच्यांना चिकटते. बशीच्या कडेने अलगद उचलून ठेवायचं. तळाचा अगदी गिचका झालेला भाग, साधारण दोन वाट्या, तिने बाजूला काढला. मटणाचा रस्सा पातळ होता, तो तेल सुटेपर्यंत आटवला, कारण शिजलेल्या भाताला आता आणखी पाणी नको होतं.

थर लावताना अम्मीची युक्ती. कणी असलेला भात खाली, मसाल्याला लागून, कारण तिथे उष्णता आणि ओल जास्त मिळते. मऊ भात वर. झाकणाला कोरडं फडकं बांधायचं, म्हणजे वाफेचं पाणी परत भातावर टपकत नाही. पातेल्याखाली तवा. तीन मिनिटं मोठी आच, मग मंद. एरवी आम्ही वीस-पंचवीस मिनिटं दम देतो, तिला बाराच मिनिटं सांगितली.

तिने मध्येच घाबरून विचारलं, "आणि कच्चा राहिला तर?" त्याचा इलाज सोपा आहे. अर्धी वाटी गरम दूध किंवा पाणी कडेकडेने सोडायचं, मधोमध ओतायचं नाही, आणि झाकून दहा मिनिटं पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. कच्चा भात पुढे नेता येतो, गिचका झालेला मागे आणता येत नाही. म्हणून तर उपसताना कणी ठेवायची.

बाजूला काढलेला भात तिने ओट्यावरच ठेवला होता. तो लगेच फ्रिजमध्ये टाकायला सांगितलं. शिजलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिला तर पोट बिघडतं, आणि पुन्हा गरम केल्याने तो दोष जात नाही. सेहरीला त्याचीच दुधात खीर झाली, गिचका भात खिरीत लवकर एकजीव होतो.

इफ्तारनंतर तिसरा फोटो आला. ताटातली बिर्याणी, पिवळा दिवा, वर तळलेला कांदा. वहिनी म्हणाली, छान मोकळी दिसतेय. अम्मीने चष्मा लावून पाहिलं आणि फोन आमच्या हातात परत दिला.

"या उजेडात काय दिसतंय? खाल्लेल्यांना विचार म्हणावं."

विचारलं. भात मोकळा होता, म्हणे, फक्त तळाशी एका बाजूला थोडी कणी राहिली होती. ती सासूबाईंच्याच ताटात गेली.

"मग काय म्हणाल्या?" आम्ही विचारलं.

"म्हणाल्या, पुढच्या वेळी तवा मधोमध ठेव."

अम्मी हसली. तव्याचं आम्हाला सुचलंच नव्हतं.