कालचं आठवत नाही तेव्हा

वय झालं की विसरायला होतंच, असं आपण एकमेकींना किती सहज म्हणतो! चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा, गॅसवरचं दूध उतू घालवायचं, नणंदेच्या सुनेचं नाव ऐन वेळी ओठावर येऊन अडकायचं. माझं वय एकाहत्तर. एवढ्या तेवढ्याचं मला कधी काही वाटलं नाही. नाव अडकलं तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आठवतंच.

पण गेल्या पावसाळ्यात दूधवाला दारात उभा राहून म्हणाला, "बाई, हे पैसे परत घ्या. परवाच तर दिले होते ना तुम्ही." मी वही उघडून पाहिली. तारीख होती, रक्कम होती, अक्षर माझंच होतं. तरी पैसे दिल्याचं काही केल्या आठवेना. तो कुठे उभा होता, सुटे होते की नोट होती, काहीच नाही. नाव अडकतं तेव्हा ते आत कुठेतरी आहे हे आपल्याला कळत असतं. इथे आत काही नव्हतंच. कुणी आठवण करून दिल्यावर "हो की!" असं म्हणता येतं का, एवढाच काय तो फरक. तो मला त्या दिवशी कळला आणि पोटात गोळा आला.

मी कुणाला बोलले नाही. सासऱ्यांच्या हिशेबाच्या जुन्या वह्यांमधली एक कोरी काढली आणि नुसतं लिहीत गेले. पुरणात गूळ दोनदा पडला. तेरवीचं बोलावणं आलेलं सांगायचं राहिलं नाही, एका तासात दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सून गप्प झाली म्हणून समजलं. काली पुतली चौकात भाजी घेऊन उभी होते आणि घराकडे कोणता रस्ता जातो ते क्षणभर कळेना. ज्या चौकातून चाळीस वर्षं ये-जा केली, तो चौक! तीन महिन्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या.

मंदिरातल्या बायकांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. कारण भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक मी आजही न अडखळता म्हणते. कुणाची ओळ चुकली तर सगळ्या माझ्याकडे बघतात. मलाही त्याचाच आधार वाटायचा. पुढे डॉक्टरांनी समजावलं की हा आधार खरा नाही. लहानपणी आईजवळ बसून पाठ केलेलं, हजारदा म्हटलेलं, ते मेंदूत खोल मुरलेलं असतं आणि फार उशिरापर्यंत टिकतं. आधी डळमळतं ते ताजं. काल कोण आलं, सकाळी काय ठरलं, औषध घेतलं की नाही. म्हणून "हिला तर सगळं जुनं लख्ख आठवतं" या बोलण्यावरून स्मरणशक्ती ठीक आहे असं ठरवता येत नाही.

लेक नागपूरला असते. दिवाळीत आली. फोनवर हे बोलायचं नाही, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. फोनवर माणूस "बघू" म्हणून मोकळं होतं. निर्वाण लाडू झाला, मुलं झोपली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो.

मी म्हटलं, "बेटा, मला विसरायला होतंय."

"अगं आई, मी पण विसरते. परवा गाडीची चाबी फ्रिजमध्ये ठेवली मी."

"तशी नाही. ही वही वाच."

तिने पुसतं हातातून खाली ठेवलं नाही. तसंच धरून उभ्या उभ्या अकराही नोंदी वाचल्या. मग विचारलं, "चौकात एकटी होतीस?" आणि खाली बसली. त्या रात्री ती रडली, मी नाही. मला उलट हलकं वाटत होतं. इतके दिवस जे एकटी सांभाळत होते, ते आता दोघींचं झालं होतं.

गोंदियावरून गाडीने नागपूरला गेलो. डॉक्टरांनी आधी लेकीला बाजूला बसवून वेगळं विचारलं. विसरणाऱ्याला स्वतःचं सगळंच विसरणं दिसत नाही, म्हणून घरच्यांचं ऐकावं लागतं. वही त्यांनी पानपान पाहिली. मग मला तारीख, वार, गाव विचारलं. आंबा, खुर्ची, नाणं हे तीन शब्द सांगून माझ्याकडून म्हणवून घेतले. शंभरातून सात, परत सात, अशी वजाबाकी करायला लावली. थोड्या वेळाने म्हणाले, "ते तीन शब्द सांगा." एकही आठवेना. "एक फळ होतं," असं म्हटल्यावर आंबा आठवला. बाकीचे दोन सूचना देऊनही नाही आले. तीसपैकी चोवीस गुण पडले. लेकीचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, "या आकड्याने आजार ठरत नाही. शिक्षण, झोप, ऐकू येणं, मनाची उदासी, सगळ्याने गुण वरखाली होतात. आधी दुरुस्त होणारी कारणं शोधू."

ती शोधाशोध साध्या रक्ततपासणीने सुरू झाली. थायरॉइड, साखर, सोडियम आणि बी-बारा. शिवाय डोक्याचा स्कॅन. बाकी ठीक निघालं, पण बी-बारा एकशे चाळीस, म्हणजे फारच कमी. हे जीवनसत्त्व धान्य, भाजी, डाळीत जवळपास नसतंच. आपल्यासारख्यांना ते मिळतं दूध-दह्यातून. शरीरात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे तूट हळूहळू येते आणि कळत नाही. त्यात म्हातारपणी पोट ते नीट शोषत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी मी अकरा वर्षं घेते, ॲसिडिटीची रोज सकाळी. दोन्हींमुळे ते आणखी कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या येत होत्या, त्या मी मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या होत्या. माझी झोपेची जुनी गोळीही डॉक्टरांनी पाहिली आणि हळूहळू बंद केली. अशा गोळ्यांनी वयस्कर माणसाचं डोकं जड होतं, विसरायला होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. बी-बाराचं इंजेक्शन अहिंसेला चालतं का, असं एका बाईने विचारलं. मी सांगितलं, ते जिवाणूंपासून कारखान्यात बनतं, प्राण्याच्या मांसातून काढत नाहीत. ती निवांत झाली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मुंग्या गेल्या, थकवा गेला, सव्वीस गुण पडले. तीन शब्दांपैकी एक मात्र अजूनही निसटतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "तुटीचा भाग भरून निघाला. जो उरला, तो वाढेल की तिथेच थांबेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. दर सहा महिन्यांनी या." मला ते उत्तर आवडलं. खोटा धीर त्यात नव्हता.

मग लेकीने आणि मी कामं वाटून घेतली. बँकेच्या खात्यात तिचं नाव जोडलं, मृत्युपत्र केलं, जमिनीचे कागद कुठे आहेत ते तिने लिहून घेतलं. उपचाराचा निर्णय उद्या मला घेता आला नाही तर काय करायचं, तेही मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आज मला समजतं, म्हणून आज सांगायचं. गोळ्यांचा डबा सात खणांचा आला, दूधवाल्याच्या वहीत आता त्याचीही सही असते.

वही मी लिहितेच. आता लेक दर रविवारी फोनवर तिचं एक पान वाचायला लावते. मागच्या रविवारी त्यात एकच नोंद होती. "बस एवढीच?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एवढीच आठवली."

आम्ही दोघी खूप हसलो.