गुरुजींचा ‘आहे’

दुसरबीडमध्ये कुणाकडे तेरवी असली की कार्डाचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी गुरुजींच्या ओट्यावर यायचा. एकदा छापलं की चूक सगळ्या पाव्हण्यारावळ्यांच्या घरी जाऊन बसते, म्हणून लोक आधीच तपासून घेत. मी तेव्हा शाळेत होतो. दुरुस्त मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायचं काम माझ्याकडे असे. आज प्रुफं वाचून माझं घर चालतं, आणि त्या धंद्याचं भांडवल मला त्या ओट्यावर फुकट मिळालं.

चुका बहुतेक एकाच जातीच्या असत. गेलेलं माणूस वडीलधारं, तेव्हा आदर कमी पडू नये म्हणून लिहिणारा दिसेल त्या क्रियापदाला अनेकवचनी करून टाकी. एका कार्डावरचं वाक्य मला अजून पाठ आहे : ‘आमचे आजोबा यांचे दुःखद निधन झाले आहेत.’

गुरुजींनी ‘आहेत’खाली पेन्सिल धरली. “काहून लिहिलं हे?”

“आजोबा मोठे हायेत ना गुरुजी.”

“आजोबा मोठेच. पण झालं काय? निधन. ते किती?”

“एक.”

“मग ‘आहे’.”

गोम ‘झाले’मध्ये होती. ‘आजोबा बरे झाले’ यातलं ‘झाले’ आदरार्थी अनेकवचन आहे; ‘निधन झाले’ यातलं ‘झाले’ नपुंसकलिंगी एकवचन. दोघांचं रूप सारखंच, त्यामुळे डोळा फसतो आणि ‘निधन झाले’त आदर आहे असं वाटायला लागतं. गुरुजींचा उपाय साधा होता : शंका आली की पुढे ‘आहे’ आणि ‘आहेत’ दोन्ही लावून बघायचे. ‘आजोबा बरे झाले आहेत’, पण ‘निधन झाले आहे’. ‘आजोबांचे वय नव्वद होते’ हेही असंच. त्यातलं ‘होते’ वयाचं आहे, आजोबांचं नाही. वर्तमानात आणलं की ‘वय नव्वद आहे’ होतं आणि सोंग उघडं पडतं.

मग आजोबांचा आदर गेला कुठे? तो ‘यांचे’मधल्या टिंबात आहे. ‘याचे’ लिहिलं तर एकेरी, ‘यांचे’ लिहिलं की आदरार्थी. नावाला ने, ला, चा यांसारखा प्रत्यय लागला की क्रियापद त्या माणसापासून सुटतं आणि आदर अनुस्वारावर येतो. त्याच कार्डावर पुढे होतं, ‘त्यांनी शाळेला जमीन दिले.’ तिथेही लिहिणाऱ्याने आजोबांना मान द्यायला ‘दिले’ केलं होतं. गुरुजींनी ‘दिली’ केलं, कारण दिली ती जमीन. मान ‘त्यांनी’त आधीच होता. ‘त्याने’ असतं तर मात्र त्यांनी कागद परत केला असता.

प्रत्यय नसला की उलट. तेव्हा क्रियापदच काय, त्या माणसाबद्दलचा प्रत्येक बदलणारा शब्द बघावा लागतो. ‘आजोबा अडल्यानडल्याला धावून जात, सगळ्यांच्या पाठीशी उभा राहत होते’ या वाक्यात शेवटचं ‘होते’ बरोबर आहे म्हणून तपासणारा पुढे सरकतो, आणि ‘उभा’ तसाच एकेरी राहून जातो. ‘उभे’ हवं. प्रुफांत आजही मला सर्वांत जास्त सापडतो तो हा ‘उभा’. त्याच्या बरोबरीने ‘थकलेला’ आणि ‘एकटा’. वाक्य जितकं लांब, तितके हे शब्द कर्त्यापासून दूर पडतात, म्हणून मी शेवटून कर्त्याकडे उलटा वाचत जातो.

सिंदखेडराजा शेजारीच, त्यामुळे १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची भाषणंही ओट्यावर येत. त्यात हमखास असे, ‘जिजाऊ लखुजीराव जाधवांची कन्या होत्या.’ ‘होत्या’ लिहिलं की ‘ची’ चालत नाही. ‘लखुजीराव जाधवांच्या कन्या होत्या’. आणि ‘जिजाऊंचा जन्म झाला’ यात ‘झाला’ जन्माचं, तिथे अनेकवचन शोधायला जायचं नाही. ‘माँसाहेब’ शब्दातल्या साहेबाला भुलून पोरं ‘माँसाहेब म्हणाले’ लिहीत. गुरुजी न बोलता ‘म्हणाल्या’ करीत.

एका बाबतीत मात्र त्यांनी पेन्सिल उचलली नाही. एकाने आपल्या आईबद्दल लिहून आणलं होतं, ‘माय आमच्यासाठी राबली, उपाशी राहिली.’ सोबत आलेला शिकलेला भाचा म्हणाला, “गुरुजी, ‘राबल्या’ करा. एकेरी वाचायला बरं दिसत नाही.” वडील आले आणि आई आली, हा मराठीचा जुना रिवाज आहे, असं गुरुजींनी त्याला सांगितलं. तो ऐकेना. तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, “तू घरी मायला काय म्हणतोस? माय आल्या?”

कार्ड ‘राबली’सकटच छापायला गेलं.