एक उंच, एक आखूड

खेळाडूंचे दोन प्रकार असतात. चेंडूच्या मागे धावणारे आणि चेंडू ज्यांच्याकडे आपण होऊन येतो ते. आमचे अकौंटंटसाहेब दुसऱ्या प्रकारातले. बेसलाइनच्या मागे चार फुटांवर उभे राहायचे आणि आलेला प्रत्येक चेंडू बिनतक्रार परत करायचे. बँकेत आमची व्हाउचरं परत करतात ना, अगदी तसे! नऊ वर्षं मी दर रविवारी जिमखान्याच्या मातीच्या कोर्टावर त्यांच्याशी हरत आलो. यंदा ते निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला जायचे होते. म्हणजे नऊ वर्षांचं हे खातं कायमचं नावे बाजूला राहून बंद होणार. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे सहन होत नाही.

म्हणून मी एक युक्ती काढली. लॉब मारायचा! चेंडू आभाळात उडवायचा, म्हणजे साहेब गोंधळतील. मी आठ लॉब मारले. साहेब आठही वेळा दोन पावलं मागे गेले, टप्प्याची वाट पाहिली, मधल्या वेळात चष्मासुद्धा पुसला आणि चेंडू माझ्या बॅकहॅण्डला पाठवून दिला.

खेळ संपल्यावर कोर्टावरचे मार्कर मामा बिडी विझवत माझ्याजवळ आले. मामांनी तीन पिढ्यांना टेनिस शिकवलंय आणि तिघींबद्दल त्यांचं मत सारखंच आहे.

"साहेब, लॉब कुणाच्या डोक्यावरून मारायचा असतो?"

"समोरच्याच्या."

"मग समोरचा तुमच्या समोर होता कुठं? तो तर मागच्या कुंपणाला टेकला होता!"

मला एकदम उजेड पडला. नेटपासून बेसलाइन एकोणचाळीस फुटांवर. तिच्याही मागे उभ्या असलेल्या माणसावर लॉब मारणं म्हणजे बसलेल्या माणसाला बसायला खुर्ची देणं. आपण धापा टाकत असलो तर तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. लॉबने पॉइंट हवा असेल तर गृहस्थाला आधी नेटजवळ बोलवावं लागतं. आणि असा गृहस्थ आपण होऊन येत नाही. त्याला आमंत्रण धाडावं लागतं. त्या आमंत्रणाचं नाव ड्रॉप शॉट.

पुढले दोन महिने मामांनी माझ्याकडून फक्त ड्रॉप शॉट करून घेतला. रॅकेट नेहमीच्या फोरहॅण्डसारखीच मागे न्यायची, म्हणजे समोरच्याला संशय येत नाही. शेवटच्या क्षणी मूठ सैल सोडायची आणि रॅकेटचं तोंड जरासं वर करून चेंडूच्या खालून हलकेच काढायचं, साय काढावी तसं. चेंडूला उलटी फिरत बसते आणि टप्पा पडल्यावर तो पुढे पळत नाही. मी सुरुवातीला चेंडू नेटच्या अगदी वर घासून न्यायला बघायचो आणि अर्धे नेटमध्ये जायचे. मामा म्हणाले, "उंची तुमच्या बाजूला गाठू द्या. नेटवरून जाताना चेंडू उतरत असला पाहिजे." खूण सोपी होती. नेटपासून सर्व्हिस लाइन एकवीस फूट. चेंडूचा दुसरा टप्पा त्या रेषेच्या बराच अलीकडे पडला तर ड्रॉप शॉट, पलीकडे गेला तर साहेबांना वाढलेलं ताट.

रोलाँ गॅरोवर बोर्ग आख्ख्या कारकिर्दीत दोनदाच हरला, १९७३ आणि १९७६ साली, आणि दोन्ही वेळा पनाट्टाकडून. पनाट्टाही बेसलाइनमागच्या त्या भिंतीला ड्रॉप शॉटने पुढे ओढत असे. हे वाचल्यापासून मी घरी आरशासमोर स्वतःला इटालियन समजू लागलो. हिने एकदा पाहिलं आणि काही न बोलता दार लोटून घेतलं.

शेवटचा रविवार उजाडला. पहिल्याच गेममध्ये माझा ड्रॉप शॉट बिनचूक पडला. साहेब धावले, पोचले नाहीत आणि उजवा गुडघा धरून उभे राहिले. माझ्या पोटात कालवलं. साठीला आलेल्या माणसाला आपण गुडघ्यावरून हरवायचं? पुढचे दोन गेम मी चेंडू गुमान मागे देत राहिलो आणि दोन्ही हरलो. बाजू बदलताना साहेब माझ्याजवळ थांबले.

"अहो, तो मघाचा शॉट कुठं गेला?"

"नाही, म्हटलं, तुमचा गुडघा…"

"गुडघा माझा आहे. तुम्ही तुमचा टेनिस बघा. नऊ वर्षं मी काय तुमची दया करत होतो?"

करत नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

मग मला चेव आला आणि चेवात जे होतं तेच झालं. मी कुठूनही ड्रॉप शॉट मारायला लागलो. बेसलाइनवर उभं राहून मारलेला चेंडू नेटपर्यंतच एकोणचाळीस फूट जातो. तेवढ्या वेळात साहेब गुडघ्यासकट येऊन पोचायचे. तीन पॉइंट गेले तेव्हा मामा कुंपणापलीकडून खोकले. खोकल्याचा अर्थ मला कळला: त्याचा चेंडू आखूड पडू दे, आपण कोर्टाच्या आत असू दे, तो मागे असू दे. तिन्ही जमलं तरच.

पाच-चार, चाळीस-तीस. मी साहेबांच्या फोरहॅण्डच्या कोपऱ्यात खोल चेंडू मारला. ते बेसलाइनच्या पार मागे गेले आणि त्यांचं उत्तर आखूड आलं. मी दोन पावलं आत गेलो, रॅकेट मोठ्या फटक्यासारखी मागे नेली. साहेब आणखी एक पाऊल मागे सरकले. मी मूठ सैल सोडली. चेंडू सरळ रेषेत त्यांच्या बॅकहॅण्डच्या बाजूला, नेटलगत उतरला.

ते तिरके धावत आले. पोचले! पण इतक्या खालचा चेंडू जोरात मारता येत नाही, तो वरच उचलावा लागतो. त्यांनी तो तिरका माझ्या बॅकहॅण्डला उचलला. मीही ड्रॉप टाकून पुढे सरकून उभा होतो, कारण तिथून त्यांनी परत ड्रॉप टाकला असता तर धावायची पाळी माझी होती. आता साहेब नेटला चिकटलेले, अंगाचा वेग अजून पुढेच, मागचं सारं कोर्ट मोकळं. नऊ वर्षं वाट पाहिलेला तो लॉब मी त्यांच्या डाव्या खांद्यावरून तिरका उडवला. डावा खांदा अशासाठी, की बॅकहॅण्डच्या बाजूने स्मॅश जमणारे विरळा. आणि तिरका अशासाठी, की कोपऱ्यातून कोपऱ्यात कोर्ट सरळपेक्षा साडेचार फूट लांब असतं. माझ्यासारख्याला ती सवलत लागते.

साहेब वळले, धावले, पोचले नाहीत. चेंडू बेसलाइनपाशी पडला. रेषेवर की बाहेर? आमच्याकडे पंच नसतो. ज्याच्या बाजूला चेंडू पडेल त्यानेच निकाल द्यायचा. साहेब मातीतल्या ठशापाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. ठसा बघत होते, दम खात होते की गुडघा सावरत होते, कुणास ठाऊक. "बाहेर" म्हणाले असते तर मला इतक्या लांबून काय दिसणार होतं?

"रेषेला लागलाय," ते म्हणाले. "पावपटच लागलाय. पण लागलाय." आणि हात पुढे केला.

सोमवारी त्यांनी माझं एक व्हाउचर एका रुपयाच्या चुकीसाठी परत पाठवलं. ते शेवटचं. मी अजून जपून ठेवलंय.