सोळा तारखेच्या अलीकडे

२७ जून
भोसरीच्या आमच्या टर्निंग शॉपमध्ये महिन्याला सहा लाख येतात आणि साडेपाच लाख जातात. तरीही दर महिन्याच्या आठ-नऊ तारखेला दादा कुणाला तरी फोन करून "दोन दिवस थांबा" म्हणतात. धंदा तोट्यात नाही. पैसे जायच्या तारखा आधी येतात आणि यायच्या तारखा नंतर, एवढंच. हिशेबाच्या वहीत हे दिसत नाही, कारण तिथे महिन्याची बेरीज असते. म्हणून आज मोठा कागद घेतला, एक ते एकतीस तारखा उभ्या लिहिल्या आणि प्रत्येक तारखेसमोर त्या रात्री बँकेत किती उरेल ते मांडायला बसले.

२८ जून
आधी येणं. मोठी कंपनी दहा तारखेला तीन लाख साठ हजार देते, असं आम्ही सगळे धरून चालतो. गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढलं, तर पैसे कधी दहाला, कधी तेराला आणि एकदा सोळाला जमा झालेले. कागदावर मी सोळाच लिहिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे दोन लाख चाळीस हजार पंचवीसला येतात. तेही चुकून महिनाअखेरीस आले तर काय, हे तपासायचं ठरवलं.

मग देणं जुन्या तारखांनी भरलं. एक तारखेला हातात दोन लाख साठ हजार. पाचला गाळ्याचं भाडं पस्तीस आणि मशीनचा हप्ता बत्तीस हजार. सातला पगार एक लाख पासष्ट हजार. उरले अठ्ठावीस हजार. आठला स्टीलवाल्यांच्या दोन हप्त्यांतले पहिले नव्वद, म्हणजे बासष्ट हजारांची तूट. बाराला वीजबिल अठ्ठावीस, पंधराला पीएफ-ईएसआयचे बावीस. सोळाच्या सकाळी खड्डा एक लाख बारा हजारांचा. दादा कागदाकडे बघत राहिले.

२९ जून
कोणती तारीख हलते आणि कोणती नाही, हे वेगळं केलं. पगार कायद्यानेही सातपर्यंत द्यायचा असतो आणि पोरांच्या घरचं भाडं, किराणा त्यावरच चालतो. तो हलवायचा विचारही नको. हप्ता चुकला की बँकेत नाव खराब. वीजबिल बारा, पीएफ पंधरा, जीएसटी वीस. जीएसटीचं तर असं, की गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी बिल झालं की कर भरावाच लागतो, म्हणून त्याचे तीस हजार मी अडवून धरलेच.

प्लेटिंगवाल्यालाही लांबवायचं नाही. तो आमच्याहून लहान आहे. शिवाय लेखी करार नसेल तर अशा लहान उद्योगाला पंधरा दिवसांत आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरत नाहीत. त्याची बिलं आठच्या पुढची, म्हणून त्याचं नि टूल्सचं मिळून अठ्ठावन्न हजार बावीसला ठेवलं.

राहिली दोन देणी: भाडं आणि स्टील.

३० जून
गाळामालक काका लगेच म्हणाले, "सतराला दे, पण दर महिन्याला सतरालाच दे." अनिश्चित पाचपेक्षा त्यांना पक्की सतरा बरी वाटली.

स्टीलवाल्या शेठनी मुद्द्याचं सांगितलं. "वहिनी, उधारी तीसच दिवसांची. तारीख पुढे मागू नका, माल मागे उचला." खरंच की! आठला रॉड उचलला म्हणून पुढच्या आठला पैसे. सगळा माल अठराला उचलला तर देणंही अठरालाच येतं. म्हणजे देण्याची तारीख चेक लिहिताना नाही, ऑर्डर देताना ठरते. जुलैचा आठ तारखेचा हप्ता त्यांनी या वेळेपुरता दहा दिवस थांबवला. आता रॅकवर आठ ते अठरा तारखेपर्यंत पुरेल इतका रॉड आहे का, ते दादांनी मोजायचं आहे. नसेल तर ही मांडणी कागदावरच राहील.

१ जुलै
नव्या तारखा घातल्या. हप्त्यानंतर दोन लाख अठ्ठावीस, पगारानंतर त्रेसष्ट, विजेनंतर पस्तीस, पीएफनंतर तेरा हजार. सोळाला मोठी रक्कम येऊन तीन लाख त्र्याहत्तर. मग भाडं, स्टीलचे दोन्ही हप्ते मिळून एक लाख ऐंशी हजार, जीएसटी, प्लेटिंग, टूल्स; बावीसच्या रात्री सत्तर हजार. दुसरं गिऱ्हाईक लांबलं तरी चालतं.

खर्चाचा एक रुपयाही कमी झालेला नाही.

पण पंधराचे तेरा हजार फारच थोडे. एखादी मोटर जळली की संपलं. म्हणून महिनाअखेरीस उरतील ते पन्नास हजार दिवाळीपर्यंत काढायचे नाहीत, असं दादांना सांगितलं. बोनसही त्यातूनच निघायला हवा. दादांना नवं ग्राइंडिंग मशीन घ्यायचं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं, पण मनापासून नाही.

१५ जुलै
रात्री बँकेत अकरा हजार आठशे. वीजबिल थोडं जास्त आलं होतं. मोठ्या कंपनीचे पैसे अजून नाहीत. त्यांच्या अकाउंट्सच्या बाईंना दुपारी विचारलं, पेमेंट उद्याच्या यादीत आहे म्हणाल्या. पुढच्या महिन्याच्या कागदावर वीजबिलासमोर तीस हजार लिहिले.